इमोजीच्या जागी चौकोन का दिसतो?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाचं निरोप पाठवण्यासाठी एक छोटंसं ॲप आहे. कोणाच्या तरी भाच्याने काही वर्षांपूर्वी करून दिलेलं. मंडळातले एक ज्येष्ठ सभासद, सगळ्यांचे नाना, दहा दिवस रुग्णालयात होते. एका दुपारी त्यांच्या सुनेचा निरोप आला :

नानांना घरी आणलं ??

पहिल्यांदा कोणालाच काही कळेना. ती विचारतेय की सांगतेय? कोणी उत्तर दिलं, “आम्हाला कसं माहीत असणार?” कोणाच्या मनात त्याहून वाईट शंका आली, कारण “घरी आणलं” हे शब्द आपण दोन्ही वेळी वापरतो. पाच मिनिटांत तिच्या फोनवर आठ-दहा जणांचे फोन. तिकडे नाना खुर्चीत बसून चहा पीत होते. सुनेने वाक्याच्या शेवटी एक नमस्काराचा आणि एक डोळ्यांत पाणी आलेल्या हसऱ्या चेहऱ्याचा इमोजी टाकला होता. वाटेत कुठेतरी त्या दोन चित्रांची दोन प्रश्नचिन्हं झाली आणि आनंदाच्या बातमीचा प्रश्न झाला.

तुमच्याही फोनवर असं होत असणार. कधी निरोपात रिकामे चौकोन दिसतात, कधी फुली मारलेले चौकोन, कधी नुसती प्रश्नचिन्हं. आपण म्हणतो, “फोन जुना झाला,” आणि सोडून देतो. पण चौकोन आणि प्रश्नचिन्ह ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. एकावर उपाय आहे, तोही बहुधा तुमच्याच हातात. दुसऱ्यावर तुमच्या फोनमध्ये काही केलं तरी उपाय नाही. कोणतं दुखणं कोणतं, हे ओळखता आलं की निम्मा घोळ मिटतो.

आधी तुमचा फोन तपासू

खाली पाच इमोजी दिले आहेत. प्रत्येकासमोर तो अधिकृत यादीत कोणत्या वर्षी आला ते लिहिलं आहे.

😂 हसून डोळ्यांत पाणी : 2010
🪔 दिवा : 2019
🫠 वितळणारा चेहरा : 2021
🩷 गुलाबी हृदय : 2022
🫩 डोळ्यांखाली काळं आलेला चेहरा : 2024

पाचही चित्रं नीट दिसली तर तुमच्या फोनमधला चित्रांचा साठा बऱ्यापैकी नवा आहे. एखाद्या ओळीत चित्राऐवजी चौकोन दिसला तर साठा त्या वर्षाच्या अलीकडे येऊन थांबला आहे, असं धरायला हरकत नाही. घरात दोन-तीन फोन असतील तर हेच पान प्रत्येकावर उघडून पाहा. मुलीच्या फोनवर पाच चित्रं आणि आजोबांच्या फोनवर दोनच दिसली तरी पान तेच आहे. मग फरक कुठून आला?

चित्र प्रवास करतच नाही

इमोजी पाठवला म्हणजे आपण एक लहानसं चित्र पाठवलं, असं आपल्याला वाटतं. फोटो पाठवतो तसंच. प्रत्यक्षात तुमच्या फोनमधून चित्र बाहेर पडतच नाही. बाहेर पडतो तो एक क्रमांक.

ज्यांनी तारेचा काळ पाहिला आहे त्यांना हे चटकन समजेल. आपल्याकडे 2013 मध्ये तार बंद झाली. तोवर शुभेच्छांच्या तारेसाठी ठरलेली वाक्यं असायची आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक असायचा. दिवाळीचा एक, लग्नाचा एक, परीक्षेतल्या यशाचा एक. तुम्ही खिडकीवर क्रमांक सांगायचा, तारेतून तो क्रमांक जायचा आणि पलीकडच्या कार्यालयात यादी बघून पूर्ण वाक्य लिहिलं जायचं. आता कल्पना करा, यादीत एका नव्या वाक्याची भर पडली, तुमच्या गावात नवी यादी आली, पण पलीकडच्या गावात अजून जुनीच आहे. क्रमांक बिनचूक पोचेल, पण तिथला कारकून त्यापुढे काय लिहिणार?

इमोजीचंही तसंच आहे. जगातल्या बहुतेक लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणारी एक सामायिक यादी आहे. तिचं नाव युनिकोड. आपल्या ‘अ’ला त्यात क्रमांक आहे, तसा ‘A’ला आहे, तसाच दिव्याच्या चित्रालाही आहे. दिव्याचा क्रमांक आहे U+1FA94. 2010 मध्ये इमोजी मोठ्या संख्येने या यादीत आले. त्याआधी जपानमधल्या मोबाइल कंपन्यांनी आपापले वेगळे क्रमांक ठरवले होते आणि एका कंपनीच्या ग्राहकाने पाठवलेलं चित्र दुसऱ्या कंपनीच्या फोनवर भलतंच दिसायचं किंवा दिसायचंच नाही. यादी एक झाल्यावर तो प्रश्न सुटला. नवा प्रश्न उरला तो यादी वाढत जाण्याचा. जवळपास दरवर्षी तिच्यात नवे इमोजी येतात आणि प्रत्येक फोन त्या वेगाने धावत नाही.

चौकोन कुठून येतो?

क्रमांक पोचल्यावर चित्र काढायचं काम तुमच्या फोनमधल्या फॉन्टचं. फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या आकारांचा संच. त्यात एक तक्ता असतो : या क्रमांकाला हा आकार. तुमच्या फोनमध्ये असे अनेक फॉन्ट असतात. इंग्रजीचा वेगळा, देवनागरीचा वेगळा, तमिळचा वेगळा, इमोजीचा वेगळा. अँड्रॉइड फोनमध्ये इमोजीच्या फॉन्टची फाइल सहसा NotoColorEmoji.ttf या नावाची असते.

समजा तुमच्या भावाने लिहिलं, “दिवाळीच्या शुभेच्छा 🪔”. तुमचा फोन एकेक क्रमांक घेऊन फॉन्टच्या दारोदारी फिरतो. ‘द’चा क्रमांक इंग्रजी फॉन्टकडे नाही, देवनागरीच्या फॉन्टकडे आहे. घेतला आकार. असं करत शेवटी U+1FA94 येतो. इंग्रजीकडे नाही, देवनागरीकडे नाही. इमोजीच्या फॉन्टकडे गेला तर तो 2018 सालचा, त्याच्या तक्त्यातही हा क्रमांक नाही. सगळी दारं वाजवून झाली. जागा मोकळी सोडली तर इथे काहीतरी होतं हेच तुम्हाला कळणार नाही. म्हणून फॉन्टमध्ये अशा वेळेसाठी एक आकार राखून ठेवलेला असतो : चौकोन. काही फोनवर तो रिकामा असतो, काहींवर त्यात फुली असते. आयफोनवर चौकटीत प्रश्नचिन्ह दिसतं.

फॉन्ट तयार करणारी मंडळी या चौकोनाला ‘टोफू’ म्हणतात, कारण तो सोयाबीनच्या पनीरच्या पांढऱ्या तुकड्यासारखा दिसतो. गूगलच्या ‘नोटो’ या फॉन्ट मालिकेचं नाव ‘नो मोअर टोफू’ या शब्दांवरून आलं आहे. कोणत्याही भाषेत असा चौकोन दिसू नये, हा तिचा हेतू.

थोडक्यात, चौकोनाचा अर्थ असा : क्रमांक सुखरूप पोचला आहे, पण तुमच्याकडे त्याचं चित्र नाही.

हे फक्त इमोजीचं नाही. रुपयाचं चिन्ह आठवा. 15 जुलै 2010 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ₹ हे चिन्ह स्वीकारलं आणि त्याच वर्षी ते युनिकोडच्या यादीत आलं. पण संगणकांमधले आणि फोनमधले फॉन्ट एका रात्रीत बदलले नाहीत. त्यानंतर कितीतरी दिवस किमतीच्या आधी चौकोन दिसायचा. मायक्रोसॉफ्टला विंडोज 7 साठी वेगळं अपडेट द्यावं लागलं. आज तो चौकोन कोणाला आठवतही नाही, कारण नवे फॉन्ट हळूहळू सगळीकडे पोचले.

दिव्याची गोष्ट त्याहून गमतीची आहे. दिवा, साडी, देऊळ आणि ऑटोरिक्षा हे आपल्या ओळखीचे इमोजी मार्च 2019 मध्ये यादीत आले. ते ज्यात होते ते अँड्रॉइड 10 सप्टेंबरमध्ये आलं, तेही आधी मोजक्या फोनवर. आयफोनवर ते आले 13.2 या आवृत्तीत, 28 ऑक्टोबर 2019 रोजी. त्या वर्षी लक्ष्मीपूजन होतं 27 ऑक्टोबरला. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोणी हौसेने पाठवलेला दिवा बहुतेक आयफोनवर उजळलाच नाही. एका दिवसाने चुकामूक झाली.

व्हॉट्सॲपवर दिसतो, मग एसएमएसमध्ये का नाही?

हा प्रश्न अनेकांना पडतो. फोन तोच, इमोजी तोच. व्हॉट्सॲपमध्ये छान दिवा दिसतो आणि एसएमएसमध्ये चौकोन.

कारण अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲप आपली इमोजीची चित्रं स्वतःबरोबर घेऊन येतं. पंगतीला जाताना घरून आपलं ताट-वाटी नेणाऱ्या पाहुण्यासारखं. फोनच्या फॉन्टमध्ये काय आहे, यावर ते अवलंबून नसतं. म्हणून व्हॉट्सॲप अपडेट केलं की जुन्या फोनवरही त्याच्या आत नवे इमोजी दिसू लागतात. पण त्याच निरोपाची सूचना फोनच्या वरच्या पट्टीत येते, तेव्हा ती फोन स्वतः काढतो, फोनच्याच फॉन्टने. त्यामुळे पट्टीत चौकोन आणि आत गेल्यावर चित्र, असंही होऊ शकतं. तुमच्या फोनवर असं होत असेल तर निदान झालंच : फोनचा फॉन्ट जुना आहे, ॲप नवं आहे.

चित्राचे तुकडे होतात तेव्हा

कधी चौकोन दिसत नाही, पण एका चित्राची दोन चित्रं दिसतात. हे समजायला आपली लिपीच मदतीला येते.

‘क्ष’ हे अक्षर घ्या. आपल्याला तो एक आकार वाटतो, पण युनिकोडच्या यादीत ‘क्ष’ला स्वतंत्र क्रमांक नाही. क, हलन्त आणि ष असे तीन क्रमांक एकामागून एक येतात आणि फॉन्ट त्यांना जोडून ‘क्ष’ काढतो. जुन्या फोनवर मराठी वाचताना ‘क्‌ष’ असं तुटलेलं दिसायचं, ते फॉन्टला किंवा फोनला ही जोडणी जमत नसल्यामुळे.

कित्येक इमोजी असेच जोडाक्षरांसारखे आहेत. शेतकरी म्हणजे माणूस अधिक भाताची ओंबी. मधे एक अदृश्य जोडचिन्ह असतं. हेच जोडचिन्ह देवनागरीतही काही ठिकाणी अक्षराचं अर्धं रूप दाखवायला वापरतात. 2023 मध्ये आलेला फिनिक्स, म्हणजे राखेतून उठणारा पक्षी, असाच जोडलेला आहे : पक्षी अधिक आग. तुमच्या फोनच्या फॉन्टमध्ये फिनिक्सचा जोड आकार असेल तर झळाळता पक्षी दिसतो. नसेल तर एक साधा पक्षी आणि त्याच्या शेजारी ज्वाळा. आजारातून उठलेल्या मैत्रिणीने “आता बघा मी कशी उभी राहते” असं लिहून फिनिक्स पाठवावा आणि तुमच्या फोनवर पक्षी आगीपाशी बसलेला दिसावा! अशा वेळी दोन्ही चित्रं एकत्र वाचून पाहा. बहुतेकदा अर्थ लागतो.

आपला तिरंगाही जोडाक्षरच आहे. I आणि N या अक्षरांची दोन खास रूपं शेजारी आली की फॉन्ट तिथे भारताचा झेंडा काढतो. विंडोजच्या स्वतःच्या इमोजी फॉन्टमध्ये देशांचे झेंडे नाहीत. म्हणून 15 ऑगस्टला फोनवरून पाठवलेला झेंडा कार्यालयातल्या संगणकावर नुसता IN दिसू शकतो. पाठवणाऱ्याची चूक नाही आणि तुमच्या संगणकात बिघाडही नाही.

प्रश्नचिन्ह हे वेगळं दुखणं

आता परत नानांकडे येऊ. तिथे चौकोन नव्हते, प्रश्नचिन्हं होती. आणि ती सगळ्यांच्याच फोनवर होती, अगदी कालच घेतलेल्या फोनवरही. दोष फॉन्टचा असता तर नव्या फोनवर चित्र दिसलं असतं.

झालं होतं असं. निरोप पाठवताना प्रत्येक क्रमांक लहान लहान तुकड्यांत भरला जातो. त्या तुकड्याला बाइट म्हणतात. इंटरनेटवर सर्वांत जास्त चालणाऱ्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला 1 बाइट लागतो, देवनागरी अक्षराला 3 आणि बहुतेक इमोजींना 4. मंडळाच्या ॲपचे निरोप ज्या साठ्यात ठेवले जात होते तो जुन्या पद्धतीने मांडलेला होता. त्यात एका अक्षरासाठी जास्तीत जास्त 3 बाइटचीच सोय होती. “नानांना घरी आणलं” ही अक्षरं 3-3 बाइटची, ती नीट बसली. मागून आलेले दोन इमोजी 4-4 बाइटचे. जागा नाही म्हणून साठ्याने त्यांच्या ठिकाणी एकेक प्रश्नचिन्ह लिहून टाकलं.

इथे क्रमांकच हरवला. साठ्यात आता नमस्कार नाही, चेहरा नाही, कीबोर्डवर असतं तेच साधं प्रश्नचिन्ह आहे. ते कोणत्याही फॉन्टने पुन्हा नमस्कार होणार नाही. तारेच्या भाषेत सांगायचं तर क्रमांकच खोडला गेला, मग यादी कितीही नवी आणा.

तुम्ही स्वतः किंवा घरातलं कोणी असं ॲप किंवा संकेतस्थळ सांभाळत असेल, तर एवढं बघा. मायएसक्यूएल या प्रकारच्या साठ्यात `utf8` या नावाची मांडणी 3 बाइटपर्यंतच चालते. इमोजीसाठी `utf8mb4` लागते. तक्त्याची आणि ॲपकडून साठ्याकडे होणाऱ्या जोडणीची, दोन्ही मांडण्या बदलाव्या लागतात. मात्र आधी प्रश्नचिन्हं झालेले निरोप त्याने दुरुस्त होत नाहीत.

अशा जुन्या साठ्याचा आणखी एक त्रास असतो. काही वेळा तो प्रश्नचिन्हही लिहीत नाही. जिथे इमोजी आला तिथून पुढचा सगळा निरोप कापून टाकतो. “गोळी आणली 🙏 रात्री जेवल्यावर अर्धीच द्या” यातलं “गोळी आणली” एवढंच पोचतं आणि पुढे काही होतं याची वाचणाऱ्याला शंकाही येत नाही.

प्रश्नचिन्हांची संख्याही एकसारखी नसते. एका इमोजीची कधी एक, कधी दोन, कधी चार प्रश्नचिन्हं होतात. मोडतोड वाटेत कोणत्या टप्प्यावर झाली, त्यावर ते ठरतं. म्हणून चार प्रश्नचिन्हं दिसली की “एवढं काय रागावून विचारतोय?” असं मनात आणू नका. बिचाऱ्याने एकच फूल पाठवलेलं असेल.

ओळखायचं कसं?

अगदी सोपी घरगुती चाचणी आहे. तो निरोप नवा फोन असलेल्या कोणाला तरी पुढे पाठवा. तुमच्याकडे चौकोन होता आणि त्यांच्याकडे चित्र उमटलं, तर क्रमांक जिवंत होता, तुमचा फॉन्ट जुना आहे. त्यांच्याकडेही प्रश्नचिन्हच गेलं, तर मूळ चित्र वाटेतच हरवलं.

पुढे पाठवायला कोणी नसेल तर तो चौकोन बोट दाबून निवडा, कॉपी करा आणि इंटरनेटवर शोधा. तुम्हाला तो चौकोनच दिसत असला, तरी शोधणाऱ्या यंत्रणेपर्यंत खरा क्रमांक जातो आणि उत्तरात त्या इमोजीचं नाव येतं. आयफोनवरच्या चौकटीतल्या प्रश्नचिन्हाचीही हीच परीक्षा करा, कारण ते दिसतं प्रश्नचिन्हासारखं पण असतं चौकोनाच्या जातीचं. काळ्या हिऱ्यासारख्या आकारात पांढरं प्रश्नचिन्ह दिसलं, तर ते मात्र दुसऱ्या जातीचं. आलेले बाइट वाचताच आले नाहीत, असं ते सांगतं.

चौकोनावर उपाय

पहिला उपाय म्हणजे फोनचं सॉफ्टवेअर अपडेट. इमोजीचा फॉन्ट फोनच्या मूळ प्रणालीचा भाग असतो, म्हणून प्रणाली नवी झाली की तोही नवा होतो. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या भागात अँड्रॉइडची आवृत्ती पाहा. आवृत्ती 12 किंवा त्यापुढची असेल तर चांगली सोय आहे : पूर्ण प्रणाली न बदलताही इमोजीचा फॉन्ट गूगल प्लेच्या सेवांमार्फत नवा होऊ शकतो. 11 किंवा त्याआधीची असेल आणि कंपनीने अपडेट देणं बंद केलं असेल, तर फोनचा फॉन्ट आहे तिथेच थांबणार.

अशा फोनसाठी दुसरा उपाय म्हणजे ॲप अपडेट करणं. व्हॉट्सॲपसारखी स्वतःची चित्रं आणणारी ॲप आहेतच. इतर अनेक ॲपही आता अशा तऱ्हेने बनवलेली असतात, की जुन्या फोनवर ती नवा इमोजी फॉन्ट गूगलकडून मागवून घेतात. म्हणून फोन बदलण्याआधी ॲप अपडेट करून पाहा. एसएमएसचं ॲपसुद्धा.

आणि एक उपाय जो उपाय नाही. चौकोन दिसू लागले की मुलं ‘नवा इमोजी कीबोर्ड’ नावाचं एखादं ॲप घालून देतात. कीबोर्डचं काम क्रमांक टाइप करणं, आलेला क्रमांक वाचून चित्र काढणं नव्हे. आलेल्या निरोपातले चौकोन नव्या कीबोर्डने जात नाहीत. शिवाय तुम्ही जे टाइप करता ते सगळं कीबोर्डमधूनच जातं, पासवर्डसुद्धा. अनोळखी कंपनीचा कीबोर्ड चौकोनापायी घालणं हा महागात पडणारा सौदा आहे.

पाठवताना एवढं सांभाळा

इमोजी वाक्याच्या शेवटी ठेवा, शब्दाच्या जागी नको. “उद्या 🛺 ने ये” यात रिक्षा हरवली तर काय उरतं ते पाहा. शेवटी ठेवलेला इमोजी हरवला किंवा निरोप तिथून कापला गेला, तरी सांगायचं ते सांगून झालेलं असतं. आणि वाक्य पूर्णविरामाने संपवून मग इमोजी टाका. नानांच्या सुनेने “नानांना घरी आणलं.” असं पूर्णविराम देऊन लिहिलं असतं, तर पुढची प्रश्नचिन्हं उपरी वाटली असती.

ज्यांचा फोन जुना आहे त्यांना जुने इमोजी पाठवा. नमस्कार, फूल, हसरा चेहरा हे 2010 पासूनचे आहेत. त्यांचा फोन दहा वर्षांचा असला तरी ते दिसतील.

एसएमएस इंग्रजीत लिहीत असाल तर एक हिशोब लक्षात ठेवा. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात. त्यात एक जरी इमोजी आला तरी पूर्ण निरोप वेगळ्या मांडणीत जातो आणि मर्यादा 70 वर येते. इमोजी स्वतः बहुधा दोन अक्षरांची जागा घेतो. मराठी एसएमएसची मर्यादा मुळातच 70 असते. म्हणून लांब निरोपाचे तुकडे पडतात आणि पैसे तुकड्यांवर लागत असतील तर ते दुप्पट.

नानांच्या सुनेने त्या संध्याकाळी दुसरा निरोप लिहिला : “नाना आज दुपारी घरी आले. तब्येत चांगली आहे. उद्या पाचनंतर भेटायला या.” शेवटी सवयीने तिने एक इमोजी टाकलाच, लाल हृदय. आणि आश्चर्य म्हणजे तो जसाच्या तसा उमटला. मंडळातल्या एका मुलाने कारण शोधून काढलं. लाल हृदयाचं चिन्ह इमोजींची मोठी भरती होण्याच्या कितीतरी आधीपासून यादीत आहे. त्याचा क्रमांक लहान, म्हणून देवनागरी अक्षरासारखा 3 बाइटमध्ये मावणारा. ॲपच्या जुन्या साठ्यात त्याच्यासाठी जागा होती.

दुसऱ्या दिवशी नानांच्या घरी पाचनंतर चपलांना जागा नव्हती.